हजार अक्षरांत करमाडचा थांबा

मावशीचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गारखेड्यातल्या ऑनलाइन केंद्रात गेलो. खिशात चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. करमाडच्या थांब्यावर आईनं हात केला असताना बस न थांबवता नेणाऱ्या ड्रायव्हरची मला नोकरी खायची होती.

केंद्र चालवणारी बाई पस्तिशीची, शांत. पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, "काका, तक्रारीच्या रकान्यात हजार अक्षरं बसतात. जोडायला एकच फाइल, दोन एमबीच्या आतली."

"हजार? बाराशे तरी कर."

"मी नाही ठरवलं, पोर्टल ठरवतं."

"ठरवणाऱ्याला विचार ना."

"विचारते. फोन नंबर आहे का त्याचा तुमच्याकडं?"

आई बाकावर बसली होती. ती पदराआड हसली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा.

उस्मानपुऱ्यात माझं जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान आहे. पाडकामावर जायचं, सागवान ओळखायचं, घरमालकाला ते लाकूड कसं किडकं आहे ते पटवायचं आणि उचलून आणायचं. तीस वर्षं याच्यावर घर चाललं. त्यामुळं सांगितलेला आकडा शेवटचा असतो यावर माझा विश्वास नाही. पण त्या रकान्याखाली एक आकडा होता. बाई टाइप करेल तसा तो उतरत होता, आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नव्हती.

पहिलं पान संपायच्या आतच तो शून्यावर आला. "माझा हिशेब चुकत नाही," मी म्हणालो, "हजार अक्षरं अजून झाली नाहीत."

"काका, हे काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजतं. जागासुद्धा मोजतं. 'मावशी' तुम्हाला तीन अक्षरं दिसतात, मशीनला पाच." तिनं 'ड्रायव्हर' खोडून 'चालक' केलं. "हे बघा, पाच वाचली. आठ ठिकाणी आहे, चाळीस झाली."

मग मला ते जमायला लागलं. खात्याला दिलेला शाप काढला. 'अत्यंत बेजबाबदार, उद्धट, माजोर' यातलं एकच ठेवलं. माझी ओळख, दुकान, भरलेला कर, सगळं गेलं. तरी दीडशे जास्त होती.

"ही आंबाडीची ओळ काढू का?" बाईनं विचारलं.

मावशीच्या गावाला करमाडवरून दिवसाला दोनच गाड्या जातात, दुपारची आणि साडेपाचची. आठ दिवस मावशीच्या पोटात अन्न नव्हतं. फोनवर म्हणाली होती, जिभेला चव नाय, आंबाडीची भाजी आण. आईनं ती पहाटे शेतातून खुडून शिजवली आणि डबा घेऊन थांब्यावर आली. दुपारची गाडी न थांबता गेली. आई साडेपाचच्या गाडीनं पोचली तोवर मावशीला जाऊन घटका झाली होती.

"काढ," मी म्हणालो. "भाजीनं काय शाबीत होतं?"

"वाच बरं काय उरलं ते," आई म्हणाली.

बाईनं वाचलं. नियमाचा भंग, ज्येष्ठ नागरिक महिलेची हेळसांड, चालकाचं निलंबन.

"त्यात माझी बहीण कुठंय?"

"आई, जागा नाय."

"तुझ्या रागाला बरी जागा झाली."

बाईनं मान खाली घातली आणि पुढचा रकाना उघडला. थांबा, तारीख, आणि वेळ. वेळेला लाल चांदणी होती, म्हणजे तास आणि मिनिटं भरल्याशिवाय फॉर्म पुढं जाणार नव्हता. गाडीचा नंबर आमच्याकडं नव्हता. तिकीट असण्याचा प्रश्नच नव्हता, ती गाडीत चढलीच नव्हती. वेळेवरूनच गाडी कोणती ते कळणार होतं.

"किती वाजले होते, आजी?"

"सावली पायाखालून कलली होती."

"ते इथं चालत नाही हो. गाडी गेल्यावर लगेच कुणाला फोन केला होता का?"

 आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मीच तिला मोटारीनं मावशीकडं नेणार होतो. सकाळी एका जुन्या घराच्या पाडकामाचा निरोप आला. सोळा सागवानी दारं होती, आणि दुसरा व्यापारी वाटेत होता. मी आईला कळवलं, आज बसनं जा, उद्या मी येतो. गाडी हुकल्यावर तिनं मला फोन केला. मी मालकाशी भावावर आलो होतो. म्हणालो, मागून दुसरी येईल, थांब तिथंच. आणि फोन ठेवला. तिथून करमाड पाऊण तासावर आहे.

मावशीच्या मातीला मी चार नातेवाइकांत सांगितलं होतं, "मला कुणी कळवलंच नाही, नाहीतर गाडी घेऊन धावत गेलो असतो." आई माझ्यामागंच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"मला केला होता," मी बाईला म्हणालो.

"मग झालं की. तुमच्या फोनात वेळ असंल. त्याचाच फोटो जोडू. दुसरा पुरावा नाहीच आपल्याकडं."

तिनं माझ्या फोनात आईचं नाव काढून तो दिवस शोधला आणि चित्र मोठ्या पडद्यावर आणलं. दोन वाजून सात मिनिटं, बोलणं एकतीस सेकंद. त्याच्यावर तीन लाल ओळी.

"हा खालचाच ठेव," मी म्हणालो. "वरचं काप."

"कापता येतं," ती म्हणाली, आणि माऊसवरचा हात तसाच राहिला.

"ते लाल काय हाय, बाई?" आईनं विचारलं.

"आजी, हे तुमचे न उचललेले फोन."

आई उठून पडद्याजवळ गेली. तिला वाचता येत नाही. तिनं बोटानं ओळी मोजल्या.

"तीन व्हय. मला दोनच याद होते."

एवढंच म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. तिनं ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं.

मी म्हणालो, कापू नको, सगळंच जोड. मग मजकुरातला 'उद्धट' काढला, निलंबन काढलं, नियमाची तीन वाक्यं काढली. दोन वाजून सात मिनिटांनी करमाड थांब्यावर हात करूनही गाडी थांबली नाही, हे ठेवलं. आंबाडीची ओळ परत घातली. तिच्या खाली आईचं वाक्य, तिच्याच तोंडचं: माझी बहीण वाट पाहत होती.

"आणि लिही," मी बाईला म्हणालो, "मुलाला फोन केला, तो आला नाही."

"ते लिहू नको," आई म्हणाली. "त्या लोकांना काय करायचं ते."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आणि ते लिहिलं नाही.

"चारशेच्या वर शिल्लक आहेत, काका. अजून काही?"

मी नाही म्हणालो. तिनं फॉर्म पाठवला आणि तक्रार क्रमांकाची चिठ्ठी काढून दिली. आईनं ती घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी ती अजून सोबत घेऊन फिरत होती.

महिन्याभरानं मोबाइलवर उत्तर आलं. वेळेवरून गाडीचा शोध घेतला, चालकास समज देण्यात आली, तक्रार निकाली. आई तेव्हा गावी, करमाडजवळ होती. मी फोन करून वाचून दाखवलं.

"समज दिली म्हंजे?"

"बोलले त्याला."

"हं."  मागं कुणाच्यातरी शेळ्या ओरडत होत्या. मग म्हणाली, "गाडी भरलेली असंल रे त्याची."

ड्रायव्हरसाठी तिच्याकडं कारण होतं. माझ्यासाठी काही आहे का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवते. तुझं दुकान असंल."

मी दुकानात नव्हतो. करमाडच्या थांब्यापाशी मोटार लावून बसलो होतो, तिला न्यायला आलोय हे सांगायचं राहून गेलं होतं.