एकशेवीस ग्रॅम डाळ

माझा मामा वजनकाट्यावर काम करायचा. मालाने भरलेली गाडी काट्यावर चढली की आकडा लिहायचा, ती रिकामी होऊन परत आली की पुन्हा लिहायचा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. धान्य ओलं असेल तर ओलाव्याची कपात वेगळी. बावीस वर्षांत त्याच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि घरात तो जरा जास्तच मिरवायचा.

त्याच्या मुलीला आम्ही सगळे टाचणी म्हणायचो, कारण अंगाने ती तशीच होती. अठ्ठेचाळीस किलो. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती धावायची. एकोणिसाव्या वर्षी तिने दूध, दही, तूप सगळं बंद केलं. अंडं-मांस तर आधीच सोडलं होतं. मामी घाबरली. "धावणारी पोर, आणि नुसत्या डाळभातावर?" मामा म्हणाला, "तिचं प्रोटीन मी बघतो. आकड्यांचं काम आहे ते."

त्याने छोटा काटा आणला आणि तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रात्रीचं ताट ठरलं: एकशेवीस ग्रॅम डाळ, दोनशे ग्रॅम भात, तीन पोळ्या. पाकिटांवरचे आकडे घेऊन त्याने गणित केलं. डाळीतून सव्वीस, भातातून चौदा, पोळ्यांतून तेरा. एकूण त्रेपन्न ग्रॅम. रात्रीचं जेवण एवढं भक्कम म्हटल्यावर सकाळी फळं, दुपारी कॉलेजात हाताला येईल ते, याकडे कोणी पाहिलं नाही. मामी काही बोलली की मामा कपाटाचं दार उघडून तक्ता दाखवायचा. मामीने बोलणं सोडलं.

सातव्या महिन्यात टाचणीची नडगी दुखायला लागली. आधी धावल्यावर, मग जिना चढताना, मग नुसती उभी राहिली तरी. डॉक्टरांनी बोटाने एक जागा दाबली आणि ती ओरडली. "हाडाला चीर असू शकते," ते म्हणाले. स्कॅन लिहून दिला आणि वजन उतरलेलं पाहून जोडीला खेळाडूंच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. स्कॅनचा रिपोर्ट यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मामाचं जेवण निम्म्यावर आलं. काट्यावर त्याने एका गाडीचा आकडा दोनदा लिहिला. असं आधी कधीच झालं नव्हतं.

बाईंच्या खोलीत मामाने तक्त्याची नक्कल पुढे केली. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"एकशेवीस ग्रॅम डाळ. हे वजन कच्च्या डाळीचं की शिजलेल्या?"

प्रश्न पुरा व्हायच्या आतच मामाला चूक कळली होती. पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा. काट्यावर ठेवायची ती वाटी मात्र शिजलेल्या डाळीची, म्हणजे बरंचसं पाणीच. भाताचं, पोळ्यांचंही तेच. ओल्या मालाची कपात जन्मभर करणाऱ्या माणसाने पोरीच्या ताटात पाणी मोजलं होतं, सात महिने.

"कच्च्या," तो म्हणाला. शब्द आपोआप तोंडातून गेला.

बाईंनी भुवया उंचावल्या. "एवढी कोरडी डाळ शिजली की तीन-चार वाट्या होते. तू एवढी खातेस?"

टाचणीने वडिलांकडे पाहिलं. "हो. तीन-चार वाट्या."

बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग लिहायला लागल्या. "म्हणजे खाणं पुरेसं आहे, पण अंगी लागत नाही. मग आतड्यांची तपासणी करावी लागेल, कदाचित दुर्बीण घालून. आणखी रक्त, थायरॉईड..." यादी लांबत गेली आणि मामाने नक्कल घडी करून खिशात घातली. आपल्या एका शब्दापायी पोरीच्या पोटात नळी जाणार होती.

रस्त्यात त्याने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुमचा चेहरा बघितला बाबा. तुम्ही पडाल असं वाटलं मला."

घरी आल्या आल्या त्याने पातेलं रिकामंच काट्यावर ठेवलं. मग त्यात शंभर ग्रॅम कोरडी डाळ घेतली, रोजच्यासारखी शिजवली आणि पातेल्याचं वजन वजा केलं. चारशे तीस ग्रॅम. म्हणजे एकशेवीस ग्रॅमच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम अठ्ठावीस. प्रोटीन सहा ग्रॅम. दोनशे ग्रॅम भात म्हणजे सत्तर ग्रॅम तांदूळ, पाच ग्रॅम. तीन पोळ्यांना कणीक नव्वद ग्रॅम, दहा ग्रॅम. त्याने बेरीज तीनदा केली. एकवीस.

मामी दारात उभी होती. त्याने कागद तिच्याकडे दिला. "अगं, तू म्हणत होतीस ते खरं होतं. मीच तिला उपाशी ठेवलं."

मामीने कागद वाचला. ती रडेल किंवा ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "उद्या त्या बाईंना सांगायचं. मी येते बरोबर."

"त्या काय म्हणतील?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते. पोरीच्या पोटात नळी घालायची का तुमच्या अब्रूसाठी?"

दुसऱ्या दिवशी तिघंही गेली. मामाने उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी त्याला बसवलं.

"मला काल शंका आलीच होती. एवढी डाळ खाणारीचं वजन असं उतरत नाही. पण तिने हो म्हटलं, मग मी काय करू?" त्यांनी नवा कागद घेतला. "हिला दिवसाला पासष्ट-सत्तर ग्रॅम प्रोटीन हवं. मिळतंय चाळीसच्या आसपास. वनस्पतींतलं सगळं पचतही नाही, म्हणून थोडं वरच धरायचं. डाळ-भात-पोळी ही जोडी मात्र मोडू नका. डाळीत जे कमी ते धान्यात आहे, धान्यात जे कमी ते डाळीत. जोडी बरोबर होती, मापच अर्धं होतं."

"म्हणजे माझ्यामुळेच हाड..." मामा म्हणाला.

"फक्त प्रोटीन कमी पडलं म्हणून चीर पडत नाही. हिचं एकूण खाणंच धावण्याच्या मानाने कमी आहे." त्या टाचणीकडे वळल्या. "पाळी वेळेवर येते?"

टाचणी खाली बघत म्हणाली, "चार महिने आली नाही."

मामीने तिचा हात धरला. मामाला वाटलं, काट्यावर न येणाऱ्या आणखी किती गोष्टी या घरात आपल्याला माहीतच नाहीत.

बाईंनी दुर्बिणीची तपासणी खोडली. रक्ताच्या तपासण्या, बी-बाराची गोळी आणि नवं ताट ठेवलं: पन्नास ग्रॅम कोरडी डाळ, दाटच शिजवायची, सत्तर ग्रॅम तांदूळ, तीन पोळ्यांना शंभर ग्रॅम कणीक. एकूण सत्तावीस ग्रॅम प्रोटीन. दुपारच्या डब्यात सोयाबीन किंवा टोफू, सकाळी फळांबरोबर शेंगदाणे. "आणि धावून आलीस की लगेच खायचं. भूक लागायची वाट बघायची नाही."

स्कॅनचा रिपोर्ट संध्याकाळी आला. हाड आरपार चिरलं नव्हतं, पण चिरण्याच्या बेतात होतं. निदान सहा आठवडे धावायचं नाही. मामाने रिपोर्ट वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन जुना तक्ता फाडला. नवा लावला तो मामीच्या अक्षरातला. डाळ आता कोरडीच मोजायची, आणि मामाने मोजली की मामी पुन्हा मोजायची.

सहाचे नऊ आठवडे झाले. दुसऱ्या महिन्यात पाळी आली, हे मामीने मामाला सांगितलं तेव्हा तो ओट्याला टेकून उभा राहिला. टाचणी पहिल्यांदा धावली ती फक्त दहा मिनिटं. मामा मैदानापर्यंत गेला, पण आत गेला नाही. तिच्या पावलांचा आवाज त्याला ऐकवत नव्हता. ती घामाघूम होऊन फाटकाशी आली. "बाबा, नाही दुखलं," म्हणाली. त्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

आता ती पुन्हा शर्यती धावते. तरी जेवताना तिने नुसता पाय चोळला की मामाचा घास हातातच राहतो, आणि मामी तिला विचारते, "कुठे दुखतंय? नीट सांग."