ठरवून झाल्यावर

ओव्हरसियर आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या क्वार्टरच्या अंगणात मुगाच्या वड्या घालत होते. माघ संपत आला होता, उन्हाला धार होती. हातात लांबोडकं रजिस्टर घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बहनजी, पंखे गिनने हैं."

मला वाटलं, सरकारी मोजदाद असेल. दोन पंखे, सात दरवाजे, एक हौद, तुटलेली एक काच. सगळं लिहून घेतल्यावर त्यानं विचारलं, "क्वार्टर खाली एक तारीख को ही करेंगे न? डॉक्टर साहब ने एक तारीख लिखी है."

माझे हात पिठाने भरलेले होते. मी म्हणाले, "हाँ, हाँ, एक तारीख." त्याला पाणी दिलं. तुटलेल्या काचेचे पैसे कापून घेऊ नका, आम्ही आलो तेव्हाच ती तुटलेली होती, असंही सांगितलं. तो गेला. मग मी उरलेल्या वड्या घातल्या, कारण भिजवलेली डाळ टाकून देता येत नाही.

बारा वर्षांच्या संसारात हे मला चांगलं जमायला लागलं होतं. आपल्याला काहीच माहीत नाही हे समोरच्याला कळू न देणं. नवऱ्याने घरात न सांगता काही केलं तर त्याची शरम आपल्यालाच वाटते, हे मला कधी उलगडलं नाही. पण ती वाटायची आणि मी घाईघाईने "हो, ठाऊक आहे" म्हणून ती झाकायचे.

जयपूरला आलो तेही असंच. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. आम्ही साताऱ्याला होतो, ते तिथल्या एका दवाखान्यात काम करत होते. एका दुपारी रेल्वेची तिकिटं खिशातून काढून पाटावर ठेवली आणि म्हणाले, "राजस्थानात डॉक्टर हवेत. मी हो कळवलंय." सासूबाईंना आठवडाभर आधी सांगितलं होतं. मला सांगायचं राहून गेलं, म्हणाले. तेव्हा मी विशीतली होते, मला त्यात रुबाब वाटला. आपला नवरा ठाम आहे, असं मी मैत्रिणीला पत्रात लिहिलं.

नंतर एकदा त्यांनी वॉर्डातल्या एका सहकाऱ्याला त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी आमची सगळी शिल्लक दिली. पोस्टातलं खातं दोघांच्या नावावर होतं, पण कोणा एकाची सही पुरत असे. मला ते पोस्टाच्या खिडकीवर कळलं. पैसे वर्षभरात परतही आले. परत आले म्हणूनच त्यावर कधी बोलणं झालं नाही. त्यांच्या बहुतेक गोष्टी अशाच नीट पार पडत. नुकसान झालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी ते पाच वाजता आले. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "ओव्हरसियर येऊन पंखे मोजून गेला."

ते बूट काढत होते. "इतक्या लवकर? मी आज सांगणारच होतो."

"काय सांगणार होतात?"

मग सांगितलं. आग्र्याच्या रस्त्यावर बस्सी म्हणून गाव आहे, तिथे रस्त्यालगत एक घर घेतलंय, पुढे दोन खोल्या दवाखान्याला, मागे राहायला. बयाणा दिवाळीतच दिला, रजिस्ट्री गेल्या महिन्यात झाली. फंडावर आगाऊ रक्कम उचलली होती. नोकरीचा राजीनामा दिला, तीन महिन्यांच्या नोटिशीतले दोन संपले.

"अकरा वर्षांची नोकरी," मी म्हणाले. "राजीनामा दिला की पेन्शनला त्यातलं काही धरत नाहीत ना?"

"नाही धरत."

"आणि रजिस्ट्री कोणाच्या नावावर?"

"माझ्या. तुला तहसिलीत कशाला चकरा मारायला लावायच्या?"

दिवाळीपासून चार महिने. त्या चार महिन्यांत आम्ही रोज एकत्र जेवलो होतो. संक्रांतीला तिळगूळ केला होता. एका रविवारी ते दिवसभर बाहेर होते आणि पेशंट बघायला गेलो होतो म्हणाले. तो घर बघायचा रविवार असणार. मी मनातल्या मनात ते सगळे दिवस उलटेपालटे करून बघत राहिले, चहा उतू गेला.

मग त्यांनी कारण सांगितलं. पावसाळ्यात त्या बाजूची एक बाई बैलगाडीतून हॉस्पिटलात आणली होती. दोन दिवस अडलेली. ती पोचली, पण उशिरा पोचली. मूलही गेलं, तीही गेली. "तिथे कोणी असतं तर ती वाचली असती," ते म्हणाले. "मला तेव्हापासून नीट झोप नाही." हे खरं होतं. त्यांची झोप उडालेली मी पाहिली होती. काय झालं विचारलं तर पित्त म्हणाले होते.

अशा कामाला नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हणायचं होतंच कुठे मला?

"मी नाही म्हणेन असं का वाटलं तुम्हाला?" मी विचारलं.

ते खोटं बोलणारे नव्हते, हे सांगायलाच हवं. म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस तर मला थांबावं लागलं असतं."

मी कप उचलले.

तरीही मी सामान बांधायला सुरुवात केली. मुलीला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मतलब, माझी शाळा?" तिचं मराठी असंच होतं, निम्मं हिंदीत बुडवलेलं. मी म्हणाले, बघू.

शाळा माझीही होती. मुलींच्या एका शाळेत मी चार वर्षं विज्ञान शिकवत होते, तात्पुरत्या जागेवर. त्या वर्षी माझं बी.एड. पूर्ण झालं होतं आणि जुलैपासून मला कायम करणार होते. आठवड्याभराने मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. बाई कडक होत्या, पण त्या दिवशी हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या आईला दाखवायला त्या हॉस्पिटलात गेल्या होत्या, तिथे हे भेटले होते.

"डॉक्टर साहब कह रहे थे, आप यह सत्र पूरा करके छोड़ रही हैं. आपने बताया नहीं. मुझे दूसरी टीचर देखनी पड़ेगी."

मी सवयीने तोंड उघडलं. "हाँ" माझ्या जिभेवर आलेलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. मग मी खुर्चीचा हात धरला आणि म्हणाले, "मैंने इस्तीफ़ा नहीं दिया है, बड़ी बहनजी. मैं नहीं छोड़ रही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नव्या टीचरसाठी लिहायला घेतलेला समोरचा कागद खणात ठेवला. आणखी काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी खोल्या शोधायला लागले. चांदपोल दरवाज्याच्या आतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नळ खाली, गच्ची सामायिक. घरमालकीण वयस्कर होत्या, एकट्या राहत. जागा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर साहब देखने नहीं आएँगे?" नाही म्हटल्यावर त्या घुटमळल्या. पावती कुणाच्या नावाने फाडायची? आजवर त्यांनी बाईच्या नावाने पावती फाडली नव्हती. मी शाळेतलं पत्र दाखवलं, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, आणि माझं नाव सांगितलं. त्यांनी ते चुकीचं लिहिलं. मी दुरुस्त करून घेतलं.

जिने उतरताना मला आनंद झाला असेल असं वाटतं ना? नाही झाला. पाय दुखत होते. हे घरी कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि जाणवलं की सांगणंच उरलंय, विचारणं नाही. मीही तेच केलं होतं.

घरी पोचले तेव्हा ते भांडी कागदात गुंडाळत होते. ते मदत करत, हेही खरं. मी म्हणाले, "मी चांदपोलला दोन खोल्या घेतल्यात. मुलगी आणि मी तिथे राहू. माझी नोकरी सोडायची नाही."

हातातलं पातेलं तसंच धरून ते उभे राहिले.

"मला विचारायचं तरी होतंस."

"हो," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

मला वाटलं होतं, आता ते काहीतरी समजतील. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र नुसतं दुखावलेपण होतं, लहान मुलासारखं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मलाही ते जोडून दाखवायचं त्राण नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "नळ वर आहे का?" खाली आहे म्हटल्यावर, "मग हंडा उचलू नकोस, तुझी पाठ," एवढंच.

एक तारखेला दोन वेगवेगळ्या गाड्यांत सामान गेलं. शेजारपाजारच्यांना मी सांगितलं, मुलीच्या शिक्षणासाठी असं ठरवलंय. "ठरवलंय" म्हणाले, कोणी ते सांगितलं नाही.

दवाखाना चालला. उत्तम चालला असं नाही, पण चालला. शनिवारी संध्याकाळच्या बसने ते येत, धुळीने माखलेले, आणि सोमवारी पहाटे जात. कुणाकुणाच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगत. मी आनंदाने ऐकत असे. त्या गोष्टी खरोखरच चांगल्या होत्या. साताऱ्याहून नणंद आली तेव्हा म्हणाली, "बघ, दादाचं बरोबरच ठरलं की नाही?" मी तिला वरण वाढलं. बरोबर ठरलं, चूक ठरलं, हा माझा प्रश्न कधी नव्हता, हे मी कुणाकुणाला समजावणार होते?

पाच वर्षं अशी गेली. मुलगी मॅट्रिकच्या वर्गात आली. एका रविवारी सकाळी गच्चीवर ते दाढी करत होते, मी केस वाळवत होते. आरशात बघतच ते म्हणाले, "बस्सीला मुलींची शाळा वाढवतायत. त्यांना हेडमिस्ट्रेस हवीय. मी कोणाशी काही बोललेलो नाही अजून. तुला काय वाटतं?"

मी वळून पाहिलं. ते खरंच थांबले होते, गालावर साबण तसाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, असा दिवस आला तर मला रडू येईल. प्रत्यक्षात मला काय वाटतं तेच सापडेना. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडाच वर यावा तसं झालं. मला काय वाटतं हे बघायची सवयच मोडली होती. ठरलेल्या गोष्टीभोवती जागा करून घेणं मला येत होतं. समोर मोकळी जागा आली की मी गोंधळत होते.

"विचार करते," मी म्हणाले.

ज्यांना थांबणं कधी जमलं नव्हतं, ते थांबले. पुढच्या शनिवारी त्यांनी विषय काढला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मधे एकदा पोस्टकार्डावर लिहिलं, घाई नाही. महिन्याभराने मी सांगितलं, "नको. माझं इथे बरं चाललंय."

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि खाटेवर आडवे झाले. त्यांचे केस मागून पांढरे झाले होते. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. मी मोठ्याने धडा वाचणाऱ्या मुलीला आवाज कमी करायला सांगितलं आणि वह्या तपासायला बसले.