दाबलेल्या मुरमाचं माप

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका नव्या शेडचं काम निघालं होतं. इंग्रजी कराराचा मराठी अनुवाद माझा, म्हणून सहीआधी तो ठेकेदाराला समजावायला मालकाने मलाच साइटवर बोलावलं होतं. ठेकेदार पेन उघडूनच बसला होता.

दरपत्रकात मुरूम भरावाच्या ओळीपाशी मी अडले. "हा दर कसा काढलात?"

"ट्रकमधल्या मापावर. मुरमाचा भाव, रोलर, पाणी, वर आपला नफा. लई वर्षं असंच करतोय की."

"पण मोजणार दाबलेला थर. पाच ब्रास सुटा मुरूम ओतलात, तर रोलर फिरल्यावर चार भरतील. पैसे चार ब्रासचेच मिळणार. पाचवा कुठं धरलाय?"

त्याचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. "ताई, हे तुमच्या मराठीत कुटं लिवलंय, दाखवा."

मी तावातावाने पान उघडलं आणि माझं बोट थांबलं. इंग्रजीत 'दबाईनंतरचे माप' या अर्थाचे शब्द स्वच्छ होते. मराठीत नुसतं 'माप'. रकान्यात मावेना म्हणून तो शब्द मीच उडवला होता.

"वाद झाला तर इंग्रजी प्रतच धरली जाते, उरका आता," शेजारी बसलेला मालकाचा इंजिनिअर म्हणाला.

"जरा थांबा!" मी त्याच्यावर खेकसले. खरं तर राग माझाच मला आला होता.

ठेकेदाराने पेन माझ्यापुढे सरकवलं. मी तो शब्द हाताने लिहिला, पेन परत दिलं. त्याने घेतलं नाही.

"खाली सही करा," तो म्हणाला. "खाडाखोड केल्यावर आमाला करायला लावता की."