पावतीवरचा निळा चौकोन

मुलुंडच्या ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी चार वर्षं काउंटर सांभाळला, तिथे माझं मुख्य काम होतं कपडा घेऊन पावती फाडणं. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, म्हणून मी बारावीनंतर तिथे लागले. शेठ कच्छी होते, बोलायला गोड आणि घाईचे. ते स्वतः पावती लिहायचे तेव्हा तीन शब्द असायचे. ‘लाल ओढणी, एक.’ माझ्या पावत्या लांब असायच्या. त्यावरून ते मला चिडवत, “पावती लिहितेस की निबंध गं?”

ही सवय मला चाचांनी लावली. चाचा लखनौकडचे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात येऊन रफू करायचे. खिडकीजवळच्या पाटावर बसून फाटलेलं कापड अशा तऱ्हेने जुळवायचे, की छिद्र कुठे होतं ते शोधूनही सापडू नये. लहानपणी त्यांच्या घरात चिकनचं, म्हणजे मलमलीवरच्या पांढऱ्या भरतकामाचं, काम चाले. मी आल्यावर महिन्याभरातच दोन पांढऱ्या कुर्त्यांची अदलाबदल झाली. दोन्ही पावत्यांवर ‘पांढरा कुर्ता, नक्षी’ एवढंच होतं. गिऱ्हाईक ओरडून गेल्यावर चाचा मला म्हणाले, “बेटी, चार गोष्टी लिहीत जा. टाका कोणता, नक्षी कसली, धागा काय, आणि काम कपड्यावर कुठे आहे. आणि आधी उलटी बाजू बघ.”

मग तेच मला एकेक दाखवत गेले. चिकनच्या कुर्त्यावर पानं आतून भरल्यासारखी धूसर दिसतात तो बखिया. धागा मागच्या बाजूने तिरपा आडवा जातो आणि मलमलीतून त्याची सावली पुढे दिसते. तांदळाच्या दाण्यासारखा उठलेला टाका म्हणजे मुर्री, बाजरीएवढी गाठ म्हणजे फंदा. जाळीत एकही सूत कापलेलं नसतं, सुईने सुतं बाजूला सारून छिद्रं पाडलेली असतात. मी पावतीवर लिहू लागले: ‘मलमल, पांढऱ्यावर पांढरा सुती धागा, गळ्याच्या चिरेभोवती वेल बखियाची, फुलात जाळी, घेराला कैऱ्या.’ मला ते लिहायला आवडू लागलं. इतकंच त्याचं कारण होतं. पुढे त्याचा उपयोग होईल असं काही मनात नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, लग्नसराईत, रविवारी दुकान बंद असताना गच्चीवरच्या टाकीचा नळ फुटला. सोमवारी शटर वर केलं तर मागच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होतं आणि भारी कपड्यांचं कपाट वरपासून खालपर्यंत भिजलेलं होतं. साध्या कपड्यांना आम्ही शाईने नंबर घातलेली कापडी चिंधी टाचत असू. भारी कपड्यांना मात्र शेठ कागदी चिठ्ठीच लावायला लावत, टाचणीने वीण दुखावू नये म्हणून. त्या सगळ्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता.

आम्ही दिवसभर कपडे वाळत घातले. बहुतेक कपडे ओळखता आले. वाईट झालं ते एका कप्प्यात. तिथे एक लाल फुलकारीची, म्हणजे पंजाबी भरतकामाची, ओढणी घडी करून ठेवलेली होती आणि तिचा रंग खालच्या चिकनच्या कुर्त्यावर उतरला होता. कुर्ता छातीपासून घेरापर्यंत गुलाबी झाला होता. ओढणी स्वतःही डागाळली होती, तिची पिवळी फुलं मळकट नारिंगी दिसत होती. दुसरी एक लाल फुलकारी वेगळ्या कप्प्यात होती. तीही चिंब भिजली, पण तिचा रंग जागचा हलला नव्हता.

मंगळवारी दुपारी गाडीतून येणाऱ्या बाई आल्या; आम्ही त्यांना गाडीवाल्या बाईच म्हणायचो. त्यांचे कपडे नेहमी आमच्याकडेच यायचे आणि त्यांच्या ओळखीने आणखी दहा घरांचेही. पुतणीचं लग्न दोन दिवसांवर होतं. शेठनी स्वतः लिहिलेली त्यांची पावती होती: ‘जरदोजी ब्लाऊज एक, लाल फुलकारी एक.’ ब्लाऊज शेठनी समोर ठेवला. जरीचं काम काळवंडलं होतं. बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर काउंटरमागच्या दोरीवर गेली. तिथे न बिघडलेली फुलकारी वाळत होती, उलटी घातलेली, म्हणून लालच दिसणारी.

“निदान ओढणी तरी नीट राहिली,” त्या म्हणाल्या. “ती द्या.”

शेठनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ओढणी काढायला हात वर केला.

ती ओढणी त्यांची नव्हती. ती पंजाबी कॉलनीतल्या एका आजींची होती, त्यांना सगळे बीजी म्हणत. मी स्वतः घेतली होती. मी शेठच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, “शेठ, ही बीजींची आहे.”

“तुला नक्की माहिती?” तेही हळू बोलले. “दोन्ही लालच. म्हातारीला काय कळणार? तू गप्प राहा.”

मी गप्प राहिले. हे मी लपवणार नाही. नोकरी होती, घरात माझा एकटीचाच पगार येत होता, आणि गाडीवाल्या बाई दहा पावलांवर उभ्या होत्या. ओढणी घडी होऊन कागदात जायची तेवढ्यात दारातून बीजीच आत आल्या. त्यांची ओढणी द्यायचा दिवस तोच होता. सत्तरीच्या, काठी टेकत, हातात कापडी पिशवी. त्यांनी शेठच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, “हां, हेच माझं. झालं धुऊन?”

मग गाडीवाल्या बाई म्हणाल्या, “हे माझं आहे, माताजी.”

बीजींचा हात काठीवर आवळला गेला. “तुमचं? माझ्या आईनं भरलंय हे.”

आवाज चढू लागले. दारात दोनचार लोक थांबले. तेव्हा खिडकीजवळून चाचा बोलले. सुई हातातच होती. “शेठजी, कापड कागदात झाका. दोघींना विचारा काय आहे त्यावर. ज्याची चीज त्याला पाठ असते.”

दारातली माणसं बघत होती. शेठनी ओढणी कागदात गुंडाळली. गाडीवाल्या बाईंनी आधी, रागारागानेच, ब्लाऊजचं सांगितलं. “मरून मखमल. गळ्याला मोर, आतून सुताचा भराव देऊन उचललेले. पिसाऱ्यात डबका, म्हणजे तारेचे स्प्रिंगसारखे बारीक तुकडे सुईत ओवून बसवलेले. बाह्यांच्या काठाला टिकल्यांची रांग. पाठीमागे काम नाही, पदर येतो म्हणून.” एकही शब्द चुकला नव्हता. त्यांनी कारागिराच्या लाकडी चौकटीशेजारी बसून ते करून घेतलं असणार. मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं.

“आणि फुलकारी?” चाचांनी विचारलं.

“लाल. पिवळी फुलं. काठाला मोठी, मध्ये विखुरलेली.” त्या थांबल्या. “दिल्लीहून आणली आहे.”

बीजी डोळे मिटून बोलल्या. “फुलं नाहीतच. बर्फीसारखे चौकोन, आणि सगळं कापड भरलेलं. लाल फक्त रेघेएवढं दिसतं. हाताने विणलेलं खद्दर, तीन पट्ट्या जोडलेल्या. धागा रेशमाचा, पीळ नसलेला. आई उलट्या बाजूने सुतं मोजून भरायची, मागे नुसते ठिपके दिसतात. आणि एका कोपऱ्यात एक चौकोन वेगळ्या रंगाचा. नजर लागू नये म्हणून.”

मी खण उघडून पावतीपुस्तकातली माझी कार्बनची प्रत काढली. मी मोठ्याने वाचलं. खद्दर, तीन पट्ट्या, बिनपिळाचं रेशीम, उलट्या बाजूला ठिपके, गाठी नाहीत. सगळं जुळत होतं. शेवटची ओळ होती: ‘डाव्या कोपऱ्यात एक चौकोन निळा.’

बीजींनी डोळे उघडले. “निळा नाही. जांभळा.”

शेठनी ताबडतोब कागद फक्त त्या कोपऱ्यापुरता उलगडला. कोपऱ्यातला चौकोन, दारातून येणाऱ्या उन्हात, स्वच्छ जांभळा होता.

“बघा,” गाडीवाल्या बाई म्हणाल्या. “तुमच्याच पुस्तकात निळा लिहिलाय. म्हणजे ती दुसरीच कुठली तरी.”

शेठ माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. “चुकलं असेल ना तुझं? नीट आठव. हीच होती का?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी नुसतं ‘आठवत नाही’ म्हटलं असतं तरी सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. बीजी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, फक्त वाट बघत होत्या.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “संध्याकाळी घेतली होती. ट्यूबलाइटखाली लिहिलं. पण ओढणी हीच आहे. मी हातात घेतली होती.”

मी ती उचलून मागच्या खोलीत नेली. तिथे खिडकी नाही. चाचा, शेठ आणि त्या दोघी मागोमाग आले. ट्यूबखाली चौकोन जांभळा राहिला नाही, गडद निळा झाला. कापड हातात फिरवलं तशी आडव्या टाक्यांवरची चमक गेली आणि उभ्यांवर आली. बिनपिळाच्या रेशमाचं तसंच असतं, उजेड पडेल तसा रंग. मग मी कपाटातली डागाळलेली ओढणी आणून शेजारी ठेवली. पिवळी फुलं, काठाला मोठी, मध्ये विखुरलेली. धागा पिळाचा, मागे गाठीच गाठी, आणि फुलांभोवती छापलेल्या निळ्या रेषा अजून पुसल्या नव्हत्या.

गाडीवाल्या बाईंनी ती ओढणी उलटी करून मागच्या गाठींवरून बोट फिरवलं. “ही माझी,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला वाटलं तीच वाचली असेल.” आणि खुर्चीवर बसल्या. त्या खोटं बोलत होत्या की त्यांनी स्वतःची तशी समजूत करून घेतली होती, हे मला तेव्हाही कळलं नाही. लग्नघरच्या बाईने दोन्ही कपडे गमावले होते. शेठनी त्यांना पाणी दिलं. ब्लाऊज कुर्ल्याच्या कारागिरांकडे नेऊन काळी पडलेली तार बदलून देतो, असं चाचांनी कबूल केलं आणि ते लगेच निघालेही.

बीजींनी ओढणी स्वतः घडी केली. पट्ट्यांचे जोड एकावर एक येतील अशी. जाताना मला म्हणाल्या, “पुढच्या वेळी जांभळा लिही.” बस, एवढंच.

शेठ पुढे चारेक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला रोज वाटे, आज काढून टाकतील. पाचव्या दिवशी त्यांनी काउंटर उचलून दाराजवळ, उजेडात नेऊन ठेवला.

चिकनचा कुर्ता उरला होता. तो एका निवृत्त मास्तरांचा होता, आणि त्यांना सांगायचं काम शेठनी माझ्याकडे दिलं. मी चार वेळा धुऊन पाहिला. गुलाबी रंग मलमलीतून बराचसा गेला, पण बखियाच्या पानांत, मागच्या जाड धाग्यात अडकून बसला. मास्तरांनी कुर्ता उजेडात धरला. मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, “थांब. बघू दे.” मग माझी माफी न ऐकताच त्यांनी तो घडी करून काखेत घेतला आणि आमच्याकडे कपडे टाकायला ते पुन्हा कधी आले नाहीत.