ताटाबाहेरची भाकरी

नातवंडांनो, तुमच्या पत्रात विचारलं होतं, आजी, तू शाळेत शिकवण्याखेरीज आणखी काय काय केलंस? एक काम सांगते. ते मी चुकीचं केलं होतं, नंतर दुरुस्त केलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या घराजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. एके दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात मधुमेहाच्या आहारावरची इंग्रजी पुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "बाई, याचं मराठीत एक पान करून द्या. मी तोंडाने सांगतो ते माणसं दाराबाहेर पडेपर्यंत विसरतात."

पुस्तिकेत सगळं औंसात होतं. उकडलेले बटाटे इतके औंस, पाव इतका. आमच्याकडे कोण भाजी तोलून खातं? मी पट्टी आणि कंपास घेऊन बसले आणि एक ताट काढलं. वीतभर रुंद, त्याहून मोठं नको. मधोमध रेघ. अर्ध्या भागात पालेभाजी, दोडका, वांगी, काकडी, मुळा. उरलेल्या अर्ध्याचे दोन भाग: एकात डाळ किंवा उसळ, दुसऱ्यात भाकरी किंवा भात. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताच्या भागात. खाली बदल लिहिले: चहा बिनसाखरेचा, आणि साखरेऐवजी गूळही नको, तोही साखरेसारखाच. भज्यांऐवजी मूठभर फुटाणे. रसाऐवजी अख्खा पेरू. पांढऱ्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी. शेंगा-चटणी एकच चमचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेवटी ठळक लिहिलं की गोळ्या घेऊन जेवण चुकवू नये, आणि घाम फुटून थरथर सुटली तर लगेच साखरपाणी घ्यावं. शाळेच्या सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या. रेघा सरळ आल्या याचा मला फार आनंद झाला होता.

पहिली प्रत मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना दिली. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. थोरल्या दिरांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. अक्कांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती आणि महिना झाला तरी ती भरत नव्हती. रोज मलमपट्टी चालू होती, गोळ्या चालू होत्या, पण लघवीत साखर जातच होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "अजून तीन आठवडे बघू. साखर खाली आली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. आणि जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल."

दवाखान्यातून बाहेर पडताना अक्का म्हणाल्या, "अंगठा न्हाई द्यायची मी. जन्मल्यापासनं माजा हाय की तो."

त्यांनी माझा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला खळीने चिकटवला. चहातली साखर त्याच दिवशी बंद. घरात होळगी, म्हणजे पुरणपोळी, झाली तेव्हा त्या ताटावरून उठून ओसरीवर जाऊन बसल्या. असा निर्धार मी क्वचितच पाहिला आहे.

रोज सकाळी मी त्यांच्या घरी लघवी तपासायला जात असे. तेव्हा घरी रक्त तपासायची सोय नव्हती. परीक्षानळीत चमचाभर निळं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी झालं तर वाढत जाणारी, विटकरी झालं की भरपूर. दहा दिवस झाले तरी अक्कांची नळी विटकरीच.

अकराव्या दिवशी माझा संयम सुटला. "अक्का, खरं सांगा. चोरून काही खाता का?"

त्यांचा चेहरा उतरला. मग कडक झाला. "लई शिकलीस म्हणून मला चोर म्हणतीस व्हय गं? तुज्या कागदात लिवलंय तेवढंच खाते. एक घास इकडंतिकडं न्हाई. ये, बस हितं, बघ माजं जेवण."

मी बसले. त्यांनी पाटासमोर वीतभर रुंदीचं ताट ठेवलं. अर्ध्या भागात मेथी आणि काकडी. एका पाव भागात तुरीची डाळ. उरलेल्या पाव भागात भात, रेघेत बसवल्यासारखा. मला लाज वाटली. शाळेतल्या मुलींनीही माझी आकृती इतकी नीट उतरवली नसती.

मग त्यांनी शेजारच्या टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, एक अख्खी भाकरी उचलून डाव्या हातावर घेतली आणि जेवायला लागल्या. ती संपली. दुसरी घेतली. ती संपल्यावर कडक भाकरीचे दोन तुकडे हातावर घेतले.

"अक्का, ही भाकरी?"

"भाकरीचं काय?"

"ती कागदात एकाच भागात आहे. भात किंवा भाकरी."

"ताटात हाय का भाकरी?" त्या हात पुढे करून म्हणाल्या. "हातात हाय. ताटात तू भाकरी किंवा भात लिवलंस. भाकरी ताटात घ्यायची आमच्यात रीत न्हाई, म्हणून भात घेतला. आन खाली लिवलंस, पावाच्या जागी ज्वारीची भाकरी. मला वाटलं, भाकरी चांगली, तिला माप न्हाई."

मी स्वतः त्याच घराण्याची सून, वीस वर्षं भाकरी हातावर घेऊन जेवत होते. कागदावर आकृती काढताना मात्र पुस्तिकेतल्या साहेबांचं जेवण माझ्या डोळ्यांसमोर होतं, टेबलावरचं, सगळं एका बशीत.

"अक्का, चूक माझी. तुम्हाला चोर म्हटलं, तेही चुकलं."

"चूक मान, पन आदी सांग, किती भाकरी?"

आम्ही दोघी बसलो. एक पातळ भाकरी चार पदरी घडी करून ताटाच्या पाव भागात ठेवून पाहिली. बरोबर बसली. ती खाल्ली की भात नाही, आणि भात हवा असेल त्या दिवशी भाकरी नाही. कडक भाकरी हवी तर तिचा तुकडाही त्याच भागात मोडून ठेवायचा. भूक राहिली तर भाजी वाढायची.

"म्हंजे टोपली उचलून आत ठेवायची," अक्का म्हणाल्या, आणि लगेच उठून ती फळीवर वर ठेवली.

त्याच संध्याकाळी मी नवीन स्टेन्सिल कापली. ताटाच्या पाव भागात चार पदरी घडी केलेली भाकरी काढली आणि शेजारी लिहिलं: हातावरची भाकरीही ताटातलीच धरावी. दवाखान्यात जाऊन उरलेल्या जुन्या प्रती परत आणल्या. सत्तावीस वाटून झाल्या होत्या. कंपाउंडरच्या वहीतून पत्ते काढून रोज शाळा सुटल्यावर तीन-चार घरी जाऊन कागद बदलून दिला. सव्वीस घरं सापडली. त्यातल्या बहुतेकांची टोपली ताटाशेजारीच होती.

अक्कांची नळी आठवड्यात नारिंगी झाली, मग पिवळी. डॉक्टरांनी दिलेले तीन आठवडे संपले त्या सकाळी ती हिरवी निघाली. त्या दिव्यासमोर वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आंबाडीच्या पाल्याच्या रंगाची झाली की गं."

त्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या कडा आत आल्या होत्या, तळ लाल आणि स्वच्छ होता. त्यांनी चिमट्याने हलकेच दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "अंगठा ठेवू आपण. गोळ्या, पट्टी आणि जेवण, तिन्ही असंच चालू राहू द्या. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

"देवळात?"

"देवळात मोजे घाला."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "लिव. हे बी तुज्या कागदात लिव. न्हाईतर कुनीतरी म्हनंल, देऊळ कागदात न्हवतं."

मी पर्समधून पेन आणि कागदाची एक प्रत काढली आणि तिथेच लिहिलं.