सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी लवकरची तारीख

सासूबाई वडनेरहून अमेरिकेत मेहुण्याकडे गेल्या होत्या, नातवाला बघायला. तिथे एका सकाळी स्वयंपाकघरातच कोसळल्या. हृदयाची झडप खराब निघाली. आधी फुप्फुसातलं पाणी उतरवायचं, मग दोन-तीन आठवड्यांत झडप बदलायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. बायकोला ऑपरेशनच्या आधी आईजवळ पोचायचं होतं.

आम्ही हिंगणघाटला बसून दोघांचे व्हिसाचे फॉर्म वेगवेगळे भरले. आधी साधी तारीख घेतल्याशिवाय लवकरची मागता येत नाही, म्हणून दोघांसाठी हैदराबादच्या अमेरिकन कॉन्सुलेटची मिळाली ती घेतली. पाच महिन्यांनंतरची!

विनंतीचं पत्र लिहायला मी बसलो. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघणारा माणूस; काही सुटायला नको म्हणून सासूबाईंच्या वडनेरपासून सुरुवात केली.

बायकोने मागून वाचलं. “कॉन्सुलेटले पत्र लिहून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले?”

वेबसाइटवरच्या चौकटीत ते मावेना, तेव्हा मीच छाटलं. आजारी कोण, अर्जदार तिची मुलगी, ऑपरेशन कोणतं आणि कधी, एवढंच ठेवलं. मेहुणा फोनवर म्हणाला, “भाऊजी, जरा जोरात लिहा ना, शेवटच्या घटका वगैरे.” मी ऐकलं नाही. हॉस्पिटलच्या पत्रात ‘गंभीर, पण स्थिर’ होतं आणि तेच पत्र सोबत जोडायचं होतं.

मग मी माझ्या नावाचं दुसरं पत्र काढलं.

“तुमचं काऊन?”

“तू एकटी नागपूरच्या पुढे कधी गेली का?”

“तुमी आले का आई पलंगावरून उठते. जावई आले म्हणून पुरण शिजवाले घेते. मंग डॉक्टर तिले आवरन का तुमाले वाढन?”

मी हसलो. मागे स्वतःच्या अंगात ताप असताना सासूबाईंनी मला गरम वडे करून घातले होते आणि मी ते खाल्लेही होते. माझं पत्र राहू दिलं.

काही दिवसांनी तिची विनंती मंजूर झाल्याचा ईमेल आला. तिने लगेच नवी तारीख घेतली. हैदराबादला आदल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाले, दुसऱ्या दिवशी मुलाखत. मी बाहेर तिची पिशवी आणि मोबाइल सांभाळत बसलो.

ती आली तीच सुटल्यासारखी. “पासपोर्ट ठेवून घेतला, म्हंजे व्हिसा झाला. पत्रात होतं तेच विचारलं. तुमचं वडनेर-पुराण कोणी नाई विचारलं.”

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ती पोचली. ऑपरेशन नीट झालं आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंचा आवाज अगदी बारीक होता.

“जावईबापू, तुमी नाई आले?”

“त्यांची तारीख लांबची आहे, आई,” बायको म्हणाली.

“बरं झालं. तोवर मी चुलीजवळ उभी राह्यते. बदलू नोका जी तारीख.”

मी बदललेली नाही.