स्लाइडवरचं आबांचं वाक्य

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्यांना, प्रेझेंटेशन करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मोठ्या कंपनीचे लोक येणार म्हटलं की मालक माझ्याकडे येतात, आणि प्रत्येकाला शेवटी ग्राहकांच्या अभिप्रायांची एक स्लाइड हवीच असते. 'उत्तम सेवा.' 'समाधानकारक दर्जा.' 'यांच्या प्रगतीस शुभेच्छा.' मी अशा वाक्यांवर हात ठेवते आणि मालकांना विचारते, हे तुमच्या शेजारच्या शेडच्या नावावर खपेल का? खपेल म्हणतात. मग ते तुमचं कसं? कुणी रागावतं, कुणी हसतं. एकाने मात्र जुन्या मेलमधून पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्याचं एक वाक्य शोधून आणलं: पुराने शिरोलीजवळ हायवे बंद होता, पण आमचं काम थांबलं नाही, कारण पाणी चढायच्या आधीच यांनी माल शिरोलीपलीकडे नेऊन ठेवला होता. कोल्हापूरहून माल घेणाऱ्याच्या मनात पावसाळ्याची धास्ती असते, आणि त्या धास्तीला ते वाक्य उत्तर देत होतं. बाकीचे सगळे अभिप्राय मी उडवले.

एवढं शहाणपण असलेल्या बाईकडे आमच्या डॉक्टरीणबाई आल्या, यात नवल नाही. घरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटचं दुखणं सांभाळणारी त्यांची छोटी संस्था. एक गाडी, दोन नर्स. गाडी शहरात आणि कागलच्या बाजूला फिरायची, पन्हाळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पोचायचीच नाही. तिकडचे लोक फोन करायचे आणि बाईंना नाही म्हणावं लागायचं. कागलच्या एमआयडीसीतली एक कंपनी दुसरी गाडी द्यायला तयार होती, पण आधी कंपनीच्या समितीपुढे बोलायचं होतं.

त्यांनी आणलेल्या स्लाइड बघून मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे संस्थेत कुणी मोठा माणूस आला की त्याला शाल, नारळ, चहा, आणि निघताना चार ओळींचा अभिप्राय द्यायचा आग्रह. ते सगळे अभिप्राय फोटोंसकट एकामागून एक लावलेले. 'स्तुत्य उपक्रम.' 'ईश्वरी कार्य.' एका पुढाऱ्याने तर 'भव्य वास्तूस भेट देऊन आनंद झाला' असं लिहिलं होतं. वास्तू म्हणजे दोन खोल्या.

"मॅडम, ह्यातल्या एकाच्या तरी घरी तुमची नर्स गेली होती का?"

"अगं, मोठी माणसं आहेत ती."

"म्हणून तर. ह्यांनी तुमचं चांगलं चिंतलंय, पण ह्यांना तुमचं काम माहीत नाही. समितीतला माणूस मनात विचारणार, नर्स घरी जाऊन करणार काय, शेवटी दवाखान्यातच न्यावं लागतं ना? त्याला उत्तर देणारं एक वाक्य द्या मला."

त्या स्लाइड मागेपुढे करायला लागल्या. तसं वाक्य माझ्याच घरात होतं.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हाडांत पसरलेल्या कॅन्सरने त्यांना पार वाकवलं होतं. दवाखान्यात ते रात्रभर पलंगाची दांडी धरून बसायचे. घरी आणल्यावर बाईंची नर्स यायला लागली. मॉर्फिनच्या गोळ्या दुखायला लागल्यावर द्यायच्या नाहीत, दुखायच्या आधी वेळ धरून द्यायच्या, हे तिने आईला शिकवलं, आणि फोनवर विचारून बाई डोस ठरवायच्या. आठवड्याभरात आबा झोपायला लागले. एका सकाळी नर्सने झोप लागली का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दवाखान्यात रात सरायची न्हाय. आता जाग येती ती म्हस दावं वढतीया म्हणून, दुखतंय म्हणून न्हाय."

आम्ही सगळे हसलो होतो. आबाही.

ते गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचं बोलणं स्लाइडवर घालायला माझं मन धजेना. शेवटी आईला विचारलं. आई गोठ्यात होती. "लाव की," ती म्हणाली. "ते काय लपवून बोललं व्हतं व्हय? त्यांच्यामुळं कुणाची रात सरली तर सरू दे."

मग मी सगळे मान्यवर काढले. घरभेटी कशा होतात हे सांगणारी स्लाइड, आणि तिच्या लगेच पुढे, जिथे समितीला शंका येणार तिथेच, आबांचं वाक्य. शब्द जसेच्या तसे, म्हशीसकट. खाली 'निवृत्त साखर कामगार, कागल तालुका'. मागे चित्र नाही, फूल नाही. बाईंना बजावलं, वाचून दाखवू नका, त्यांना वाचू द्या.

बाईंनी ऐकलं. मी स्लाइड सरकवायला मागे बसले होते. समितीत हिशेब बघणारे एक जाड आवाजाचे गृहस्थ होते, ते आधीपासून घड्याळ बघत होते. त्यांनी वाक्य वाचलं आणि मान वर केली. "हे कोण वो?"

"माझे वडील," मी मागून म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता.

"हायत का?"

"न्हाईत. घरीच गेले. झोपेत."

ते पुन्हा एकदा पडद्याकडे वळले. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पन्हाळ्याच्या बाजूला गाडी कवापास्नं जाईल?"

गाडी गेली. मला खूप बरं वाटलं आणि घरी येऊन खूप रडूही आलं. आबा मेल्यानंतर कामाला आले, असं काहीतरी वाटत होतं.

पुढे ते वाक्य बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमात दिसायला लागलं. बाईंचा हेतू चांगलाच होता, मीही काही बोलले नाही. वर्धापनदिनाला आईला आग्रहाने बोलावलं, आम्ही दोघी पुढच्या रांगेत बसलो. सभागृहात सगळे जुने देणगीदार, डॉक्टर, नातेवाईक. शंका असलेला माणूस औषधालाही नाही. मान्यवरांचे फोटो परत आले होते. त्यांच्यामागून पडद्यावर मावळता सूर्य आला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत: 'आता मला घरी शांत झोप लागते.' खाली 'एका रुग्णाचे मनोगत'.

कुणा नव्या कार्यकर्त्याने भाषा सुधारली होती. पाहुण्यांपुढे म्हैस बरी दिसणार नाही असं त्याला वाटलं असेल. दवाखान्यातली न सरणारी रात गेली, दावं गेलं, कागल गेलं. राहिलं ते कुठल्याही गादीच्या जाहिरातीत चाललं असतं. मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. हे आबांचंच वाक्य आहे असं आईने ओळखलं तर तिला काय वाटेल, या विचाराने मी तिचा हात धरला.

निवेदिकेने ते वाक्य सावकाश, दोनदा वाचलं. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग माझ्याकडे झुकली.

"कोण गं ह्यो?"

"एक पेशंट होता," मी म्हणाले.

"चांगलं बोललाय की," आई म्हणाली, आणि माझ्या हातातला हात सोडवून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.